सात टक्क्यांतले किती टक्के आपले?



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते गणिताचे शिक्षक होते असं मला कार्यकर्त्यांनी सांगितलं. त्यामुळे आज थोडं गणित झालं तर ते चालवून घ्याल, अशी आशा आहे. फार नाही. बेरीज, वजाबाकी आणि एक भागाकार. लॉगॅरिथमची पुस्तकं घरीच राहू द्या.

विषय साधा आहे. बँकेत मुदत ठेव ठेवली, पावतीवर सात टक्के लिहिलेलं आहे. व्याजावर कर भरला, वर्षभरात महागाई वाढली, तर शेवटी हातात राहिलं किती? या सभागृहात पावत्या नसलेलं घर क्वचितच असेल. पण हा हिशेब पावतीच्या पाठीमागे मांडून पाहिलेली घरं किती?

आपण एक ठेवीदार घेऊ. निवृत्त गृहस्थ, निवृत्तिवेतन चांगलं आहे, एका घराचं भाडं येतं, आणि सगळं मिळून ते २० टक्क्यांच्या करटप्प्यात आहेत. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी हा टप्पा १६ ते २० लाखांचा आहे. करावर ४ टक्के उपकर, म्हणजे व्याजाच्या प्रत्येक शंभर रुपयांवर २० रुपये ८० पैसे जातात. त्यांनी १० लाखांची ठेव एका वर्षासाठी सात टक्क्यांनी ठेवली. महागाई आपण पाच टक्के धरू. बँका व्याज तिमाही चक्रवाढीने लावतात, त्यामुळे सातचे वर्षाला ७.१९ होतात, तो फरक आज सोडून देऊ, आकडे गोल राहतील.

आता यांना खरं किती मिळालं? पटकन विचारलं तर बहुतेक जण असं सांगतात: सातातून महागाईचे पाच गेले, उरले दोन. त्या दोनावर वीस-एकवीस टक्के कर, म्हणजे राहिले दीडच्या वर थोडे. वाईट नाही.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि चूक वजाबाकीची नाही, क्रमाची आहे. कर आधी कापला जातो, महागाई नंतर. आयकर खातं तुमच्या दोन टक्क्यांवर कर लावत नाही. पूर्ण सातावर लावतं. १० लाखांवर व्याज ७०,००० रुपये. त्यावर कर १४,५६० रुपये. हातात आले ५५,४४० रुपये. वर्षअखेरीस एकूण रक्कम १०,५५,४४० रुपये. आणि गेल्या वर्षी जे १० लाखांत येत होतं, त्याला आता १०,५०,००० लागतात. फरक ५,४४० रुपये. तेही यंदाचे रुपये. गेल्या वर्षीच्या रुपयांत मोजायचे तर १०,५५,४४० ला १.०५ ने भागायचं, येतात १०,०५,१८१. म्हणजे खरा परतावा अर्धा टक्का. दीड नव्हे, अर्धा. तिप्पट फरक पडला, आणि तो केवळ कोणती कात्री आधी चालते यामुळे.

या ५,४४० रुपयांकडे जरा थांबून पाहू. निवृत्त माणूस म्हणतो, मी मुद्दलाला हात लावत नाही, फक्त व्याजावर भागवतो. अत्यंत सज्जनपणाचं वाक्य आहे. पण मुद्दल म्हणजे काय? १० लाख हा आकडा, की १० लाखांत येणारा किराणा, औषधं, वीजबिल? आकडा सांभाळायचा असेल तर ५५,४४० रुपये खुशाल खर्च करा. पण मुद्दलाची ताकद सांभाळायची असेल, तर त्यातले ५०,००० रुपये पुन्हा ठेवीत घालावे लागतील. खर्चाला उरले वर्षाचे ५,४४०. महिन्याला ४५३ रुपये. १० लाखांच्या ठेवीवर! ‘फक्त व्याज’ खाणारा माणूस दर वर्षी मुद्दलाचा एक तुकडा मोडून खातो. पासबुकात तो दिसत नाही इतकंच. पाच टक्के महागाईत पंधरा वर्षांनी पावतीवर १० लाखच लिहिलेले असतील, पण त्यांत आजच्या ४ लाख ८१ हजारांचाच माल येईल.

आता प्रश्न असा की इतका मोठा वाटा जातो कुठे? कराचा दर तर वीस टक्केच आहे. मग दोन टक्क्यांचा अर्धा कसा झाला?

व्याजाचे ७०,००० रुपये आपण दोन भागांत पाहू. त्यांतले ५०,००० रुपये तुमची कमाई नाहीच. वर्षभरात तुमच्या १० लाखांची जी झीज झाली, तिची ती भरपाई आहे. खरी कमाई वरच्या २०,०००ची. कायद्याला हा भेद माहीत नाही. त्याच्या दृष्टीने सगळे ७०,००० उत्पन्न आहे. म्हणून १४,५६० रुपयांचा कर २०,००० रुपयांच्या खऱ्या कमाईतून जातो. किती टक्के झाला? ७२.८. आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस घेतला, तर उपकर धरून कर २१,८४० रुपये. कमाई २०,०००, कर २१,८४०. म्हणजे १०९ टक्के. हा माणूस दर वर्षी सरकारला आपल्या मुद्दलातून थोडं देतो, आणि विवरणपत्रात ते उत्पन्न म्हणून स्वतःच्या सहीने मान्य करतो.

सरकारला महागाई कळत नाही, असं मात्र नाही. घर विकलंत तर कळते. खरेदीची किंमत महागाईच्या मानाने वाढवून धरण्यासाठी आयकर खातं दर वर्षी निर्देशांक जाहीर करतं. २००१-०२ साली तो १०० होता, २०२५-२६ साठी ३७६ आहे. जुलै २०२४ मध्ये ही सवलत बरीच आवळली गेली, तरी २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं घर वा जमीन विकणाऱ्या निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने हिशेब करण्याचा पर्याय अजून आहे. ठेवीदाराला असा पर्याय ना तेव्हा होता, ना आता आहे. घराला महागाई लागते, पावतीला लागत नाही, असं कायद्याचं मत दिसतं. (हशा)

इथे एक जुनी गोष्ट आठवते. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या नावाचं एक व्याख्यान दिल्लीत होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी दिलं. व्याजदर उतरले म्हणून निवृत्त लोक नाराज होते. राजन यांनी त्यांना डोशाचं गणित सांगितलं. डोसा ५० रुपयांना, तुमच्याकडे एक लाख, म्हणजे आज २,००० डोसे. व्याज दहा टक्के आणि महागाईही दहा टक्के असेल, तर वर्षाने १,१०,००० रुपये होतील, पण डोसा ५५ चा. पुन्हा २,०००च डोसे. उलट व्याज आठवर आलं आणि महागाई साडेपाचवर, तर १,०८,००० रुपये आणि डोसा ५२ रुपये ७५ पैसे, येतात २,०४७. व्याज कमी, डोसे जास्त.

गणित बिनचूक आहे. फक्त त्यात आयकर नाही. तो आज आपण घालू, आपल्या ठेवीदाराच्या २०.८ टक्के दराने. पहिल्या स्थितीत दहा हजारांचे ७,९२० राहतात. १,०७,९२० भागिले ५५, म्हणजे १,९६२ डोसे. दुसऱ्या स्थितीत आठ हजारांचे ६,३३६ राहतात, आणि डोसे २,०१५. पाहा काय झालं. व्याज आणि महागाई दोन्ही दहा, म्हणजे बरोबरी, असं वाटत होतं. करानंतर ती बरोबरी राहत नाही. ३८ डोसे कमी झाले. व्याज आणि महागाई बरोबरीने वाढली की ठेवीदार जागच्या जागी राहत नाही, तो मागे जातो, कारण भरपाईचा भाग वाढतो आणि करही नेमका त्यावर वाढतो. राजन यांचा मुद्दा करामुळे पडत नाही, उलट अधिक पक्का होतो. ज्येष्ठ मंडळी ‘आमच्या वेळी बँक दहा-अकरा टक्के द्यायची’ असं म्हणतात, तेव्हा त्यांना विचारावं, आणि कर किती भरत होता?

आता तुम्ही म्हणाल, सगळेच काही वीस टक्के देत नाहीत. बरोबर. म्हणून आपला दर कोणता, हे आधी पाहावं लागतं, आणि तिथे लोक दोन ठिकाणी फसतात.

पहिली जागा म्हणजे टीडीएस. बँकेने दहा टक्के कापले, प्रमाणपत्र दिलं, संपला कर, असं मानणारे पुष्कळ सुशिक्षित लोक आहेत. टीडीएस हा कर नव्हे, कराचा आगाऊ हप्ता आहे. व्याज तुमच्या इतर उत्पन्नाच्या वर रचलं जातं, आणि सर्वांत वरच्या थराला जो दर लागतो तो व्याजाला लागतो. टीडीएस कापला नाही म्हणून कर माफ होत नाही. २०२५-२६ पासून ज्येष्ठांसाठी टीडीएस न कापण्याची मर्यादा बँकेमागे वर्षाला एक लाख व्याजाची झाली, त्याचा अर्थ एक लाख करमुक्त झाले असा नाही. शिवाय मुदतपूर्तीला एकरकमी मिळणाऱ्या ठेवीतही बँक व्याज दर वर्षी दाखवते आणि टीडीएस दर वर्षी कापते. पैसे पाच वर्षांनी, करदायित्व आजपासून.

दुसरी जागा बारा लाखांची. नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर करात सूट मिळून कर शून्य होतो. आपल्यातले बहुतेक निवृत्त लोक या रेषेच्या आतच आहेत, आणि त्यांच्यासाठी आजचं चित्र बरं आहे: कर नाही, सातातून पाच गेले, खरा परतावा १.९ टक्के. त्या १० लाखांवर महिन्याला ४५३ रुपयांऐवजी १,६६७ रुपये निर्धास्त खर्च करता येतात. पण या रेषेच्या अगदी काठावर कोण उभं आहे? समजा प्रमाणित वजावट जाऊन एखाद्याचं उत्पन्न बरोबर १२ लाख आहे आणि त्यात या ठेवीचं ७०,००० व्याज आलं. १२ लाख ७० हजारांवर टप्प्यांनी कर येतो ७०,५००. मग कायदा दया दाखवतो: बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर नको. म्हणून कर ७०,०००. वर उपकर. व्याज ७०,०००, कर ७२,८००! या माणसाचा परतावा महागाई येण्याआधीच शून्याखाली गेला. याला सहा टक्के देणाऱ्या आणि सात टक्के देणाऱ्या बँकेत जवळजवळ काही फरक नाही. बायकोच्या नावावर ठेव करतो, असं कोणी म्हणेल. पण पत्नीला बक्षीस दिलेल्या पैशाचं व्याज पतीच्याच उत्पन्नात धरतात. बक्षीस आई-वडिलांना दिलं तर तसं होत नाही.

कर निदान आधी कळतो. महागाई नंतर कळते, आणि ही या हिशेबातली सर्वांत अवघड बाजू. पावतीवरचा दर आज ठरतो. तो ज्या महागाईशी भिडणार ती अजून घडायची असते. वर्तमानपत्रातला आकडा मागच्या बारा महिन्यांचा असतो. त्याच्याशी तुलना करून ठेव ठेवणं हा अंदाज आहे, हिशेब नव्हे.

२०२०-२१ आठवा. करोनाचं वर्ष. रेपो दर चार टक्क्यांवर आणलेला, मोठ्या सरकारी बँकांत वर्षभराच्या ठेवीला पाचच्या आसपास दर, आणि त्या आर्थिक वर्षातली सरासरी किरकोळ महागाई ६.२ टक्के. एक पैसा कर नसलेल्या माणसाचाही खरा परतावा उणे १.१ होता. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्याचा उणे २.१. ज्यांनी तेव्हा घाबरून त्याच दरात दीर्घ मुदतीला पैसे अडकवले, त्यांच्यापुढे नंतर २०२२-२३ ची ६.७ टक्के महागाई आली. आता उलटं उदाहरण. २०२४ मध्ये ज्यांनी सातच्या आसपास दर बांधून घेतला, त्यांना २०२५ पावलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई पाव टक्क्यावर आली होती. त्या दराशी ताडून पाहिलं तर वीस टक्के कर भरूनही खरा परतावा पाच टक्क्यांच्या वर जातो. असं वर्ष मोजक्या वेळा मिळतं, आणि दर उतरल्यावर नूतनीकरण करताना ते परत मिळत नाही.

त्यात ही महागाई तरी कोणाची? २०१२ पायाभूत वर्षाच्या ज्या निर्देशांकावर वरचे आकडे आले, त्यात खाद्यपेयांचा वाटा ४६ टक्क्यांच्या जवळ होता आणि आरोग्याचा सहाहून थोडा कमी. भाजीपाला आणि डाळी स्वस्त झाल्या की हा निर्देशांक झपकन खाली येतो. सत्तरीच्या जोडप्याच्या खर्चात रोजच्या गोळ्या, तपासण्या, आरोग्यविम्याचा हप्ता आणि कामाला येणाऱ्या बाईंचा पगार यांचा वाटा किती? तुमचा पाच टक्के कदाचित सात असेल. गेल्या दोन वर्षांची घरखर्चाची वही काढा, घरात नवीन घेतलेल्या वस्तू वगळा, आणि तेवढ्याच गोष्टींना किती जास्त लागले ते पाहा. सरकारी आकड्यापेक्षा हा आकडा ओबडधोबड असेल, पण तो तुमचा असेल.

मग बँकेत जाताना डोक्यात काय ठेवायचं? एकच भागाकार. महागाईला, शंभर रुपयांतून कर गेल्यावर जो हिस्सा उरतो, त्याने भागा. महागाई पाच आणि कर २०.८ टक्के, तर ५ भागिले ०.७९२, म्हणजे ६.३१. कर ३१.२ टक्के असेल तर ७.२७. एवढा दर मिळाला तर मुद्दल जेमतेम जागेवर राहतं. महागाई सहा धरली की हेच आकडे ७.५८ आणि ८.७२ होतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यात सहा टक्के महागाईला पुरी पडेल अशी ठेव देणारी मोठी बँक मला तरी आज माहीत नाही. आणि एखादी छोटी संस्था तो दर देऊ करते तेव्हा लक्षात ठेवा, बँक असेल तर ठेवविमा मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच आहे, आणि पतसंस्थेला तर तोही नाही. वरचा एक टक्का करानंतर ६९ पैसे उरतो. त्यासाठी शंभर रुपये पणाला लावायचे का?

फलकांवर ‘वार्षिक उत्पन्न ८.३ टक्के’ असं दिसलं तर तेही तपासा. सात टक्क्यांची ठेव पाच वर्षं तिमाही चक्रवाढीने ठेवली की शंभराचे १४१ रुपये ४८ पैसे होतात. वाढलेल्या ४१.४८ ला पाचाने भागलं की ८.३ येतात. दर सातच आहे, फक्त भागाकार सोयीचा केलेला आहे.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे मुदत ठेव मोडायची का? मी असं म्हणत नाही. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा, आजारपणाचा पैसा, याला ठेवीसारखी जागा नाही. तिथे आपण परताव्यासाठी नव्हे, हमखासपणासाठी पैसे ठेवतो. शिवाय तुमचं आयुष्य संपताना मुद्दल शाबूत असलंच पाहिजे, हा नियम कोणी केला? मुलं मार्गी लागलेली असतील, तर मुद्दल खायला हरकत नाही. हरकत आहे ती नकळत खाण्याला.

ठरवून खायचं तर किती? कर न लागणारा, ६५ वर्षांचा माणूस घ्या. १० लाख, व्याज सात टक्के, महागाई पाच टक्के, आणि पैसा वीस वर्षं पुरवायचा आहे. खरा परतावा १.९ टक्के धरून हिशेब केला, तर तो आजच्या रुपयांत वर्षाला साधारण ६०,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५,०५० रुपये काढू शकतो, आणि ही रक्कम महागाईबरोबर दर वर्षी वाढवतही नेऊ शकतो. पंच्याऐंशीव्या वर्षी खातं रिकामं होईल. सुरुवातीला त्याला मिळतात ते पूर्ण व्याजाच्या ५,८३३ रुपयांपेक्षा कमी. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, ‘व्याज मिळतंय त्याहून कमी का काढू?’ पण ५,८३३ कधी वाढत नाहीत, आणि हे ५,०५० पाच टक्क्यांनी वाढत जाऊन चौथ्या वर्षी त्यांच्या पुढे जातात.

आता त्यातली महागाई पाचऐवजी सात करा. व्याज सात, महागाई सात, खरा परतावा शून्य. १० लाखांचे सरळ वीस भाग, वर्षाला ५०,०००, महिन्याला ४,१६७. आणि हे लक्षात न येता तो जुन्याच मापाने काढत राहिला, तर पैसे वीस वर्षांऐवजी साडेसोळा वर्षांत संपतात. म्हणून दर दोन वर्षांनी, पावती नव्याने करताना, घरखर्चाची वही आणि करविवरणपत्र शेजारी ठेवून महिन्याचा हा आकडा पुन्हा काढावा लागतो. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि व्याजदराची पाटी बदलली की लगेच करण्याजोगं आहे.

प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पाठवा. कोणत्या बँकेत ठेवू, एवढं मात्र विचारू नका.